घोषणापत्र दिले, म्हणूनच कर कापला गेला!

धाराशिव : नोव्हेंबर महिन्यात हयातीच्या दाखल्यावर स्वाक्षरी करण्यासाठी बँकेच्या दारात लागणारी निवृत्तांची रांग तुळजापूरपासून परंड्यापर्यंत सर्वांच्या परिचयाची आहे. हा सोपस्कार एकदा आटोपला की वर्षभराची निश्चिंती झाली, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात त्याच्या मागोमाग आणखी एक कागद येतो. प्राप्तिकर नव्या पद्धतीने कापावा की जुन्या, गुंतवणूक कोणती, तिचे पुरावे कुठे आहेत, असे त्यावर विचारलेले असते. हयातीच्या दाखल्याइतक्या गांभीर्याने हा कागद कोणी वाचत नाही. कोणी तो घरी ठेवून देतो, कोणी शेजारच्या निवृत्त सहकाऱ्याने भरला तसाच भरून देतो, तर कोणी बँकेत जाऊन ‘१५-एच’चा अर्ज देतो आणि आता निवृत्तिवेतनातून एक पैसाही कापला जाणार नाही, असे समजून घरी परततो. आश्चर्याची गोष्ट अशी की, गेल्या आर्थिक वर्षापासून बदललेल्या नियमांमुळे या तिघांपैकी कागद घरी ठेवून देणाराच बहुतेक वेळा फायद्यात राहतो.

हे कसे घडते, हे समजून घ्यायचे तर निवृत्तिवेतनावर कर कोण आणि कोणत्या आधारावर कापतो, ते आधी पाहावे लागेल. कायद्याच्या दृष्टीने निवृत्तिवेतन हे वेतनच आहे. त्यामुळे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात त्यावरील करकपात वेतनाच्या कलमाखाली, म्हणजे कलम १९२ खाली होत असे. मुदत ठेवीच्या व्याजावर जसा सरसकट १० टक्के कर कापला जातो, तसे येथे होत नाही. निवृत्तिवेतन देणाऱ्या कार्यालयाने त्या व्यक्तीच्या संपूर्ण वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज बांधायचा, त्यावर वर्षाचा कर काढायचा आणि तो उरलेल्या महिन्यांत विभागून कापायचा, अशी ही रीत आहे. कर शून्य निघाला तर कपातही शून्य. त्यासाठी वेगळ्या अर्जाची गरजच नसते.

हा हिशेब कोण करतो, हे तितकेच महत्त्वाचे आहे. राज्य शासनाच्या निवृत्तांचे वेतन बँकेत जमा होत असले, तरी ते मंजूर होऊन निघते जिल्हा कोषागारातून. बँकेची शाखा त्यांच्यासाठी केवळ पैसे पोहोचविणारी असते. रेल्वे, टपाल आदी केंद्रीय खात्यांतील अनेक निवृत्तांचे वेतन बँकेच्या केंद्रीय निवृत्तिवेतन प्रक्रिया केंद्रातून येते, तेव्हा हा हिशेब ते केंद्र करते. माजी सैनिकांसाठी प्रयागराजहून चालणारी ‘स्पर्श’ ही प्रणाली आहे. साहजिकच राज्य शासनाच्या निवृत्ताने शाखा व्यवस्थापकाकडे निवृत्तिवेतनातील करकपातीची तक्रार केली, तर व्यवस्थापक काहीही करू शकत नाही. त्याच्या हातात फक्त ठेवींच्या व्याजावरील कपात असते.

नेमका येथेच ‘१५-एच’चा गोंधळ सुरू होतो. साठ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीने आपल्याला कर लागू होत नसल्याचे सांगण्यासाठी द्यावयाचा हा नमुना ठेवींचे व्याज, लाभांश, भाडे अशा काही ठरावीक उत्पन्नांसाठीच आहे. वेतनाचे कलम त्या यादीत नाही. म्हणून बँकेत दिलेला १५-एच कोषागारापर्यंत पोहोचत नाही आणि पोहोचला तरी त्याचा उपयोग होत नाही. दारे दोन आहेत आणि प्रत्येक दारात द्यावयाचा कागद वेगळा आहे. व्याजासाठी बँकेत १५-एच आणि निवृत्तिवेतनासाठी वेतन देणाऱ्या कार्यालयात करपद्धतीचा पर्याय, सोबत लागत असल्यास वजावटींचा तपशील.

एका निवृत्ताचा हिशेब

नुसत्या नियमांवरून हा प्रश्न लक्षात येत नाही. समजा, कळंब येथे राहणारे ६६ वर्षांचे एक निवृत्त अधिकारी आहेत. त्यांना दरमहा ६२ हजार रुपये निवृत्तिवेतन मिळते, म्हणजे वर्षाला ७ लाख ४४ हजार. निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम त्यांनी एका राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवली आहे. तिचे वर्षाचे व्याज १ लाख ६० हजार रुपये येते. नोकरीत असल्यापासूनची सवय म्हणून ते पीपीएफमध्ये आणि बँकेच्या पाच वर्षांच्या करबचत ठेवीत मिळून दरवर्षी दीड लाख रुपये गुंतवतात. हिशेब २०२५-२६ या आर्थिक वर्षाचा आहे.

डिसेंबरमध्ये त्यांच्यासमोर कागद आला. पीपीएफचे पासबुक आणि ठेवीची पावती हाताशी होतीच. पावत्या जोडायच्या म्हणजे जुनी पद्धत निवडायची, कारण नव्या पद्धतीत या गुंतवणुकीची वजावट मिळत नाही. त्यांनी तसे घोषणापत्र दिले. कार्यालयाने नियमाप्रमाणे हिशेब मांडला. जुन्या पद्धतीत प्रमाणित वजावट ५० हजारांची, ती जाऊन उरले ६ लाख ९४ हजार. त्यातून दीड लाखाची गुंतवणूक वजा केल्यावर करपात्र निवृत्तिवेतन ५ लाख ४४ हजार झाले. ज्येष्ठ नागरिकाला जुन्या पद्धतीत पहिल्या ३ लाखांवर कर नाही, पुढच्या २ लाखांवर ५ टक्के म्हणजे १० हजार आणि उरलेल्या ४४ हजारांवर २० टक्के म्हणजे ८,८०० रुपये. एकूण १८,८०० आणि त्यावर ४ टक्के उपकर मिळून १९,५५२ रुपये. ही रक्कम वर्षाच्या उरलेल्या तीन महिन्यांत वसूल करायची असल्याने दरमहा सुमारे साडेसहा हजारांची कपात सुरू झाली. ६२ हजारांच्या ठिकाणी साडेपंचावन्न हजार जमा झालेले पाहून गृहस्थ अस्वस्थ झाले. कर वाचावा म्हणून पावत्या जोडल्या होत्या, आणि कर तर वाढला.

त्यांनी काहीच दिले नसते तर? तर कायद्याने नवी पद्धत आपोआप लागू झाली असती. २०२३-२४ या वर्षापासून नवी करपद्धत हीच मूळ पद्धत मानली जाते, आणि कर्मचाऱ्याने वा निवृत्ताने काही कळविले नाही तर तिच्याप्रमाणेच कपात करावी, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ५ एप्रिल २०२३ च्या परिपत्रकात स्पष्ट केले होते. नव्या पद्धतीत प्रमाणित वजावट ७५ हजारांची आहे. ७ लाख ४४ हजारांतून ती वजा जाता ६ लाख ६९ हजार उरतात. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पाने या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या एकूण उत्पन्नावर ६० हजारांपर्यंतची करसवलत दिली. त्यामुळे कर शून्य झाला असता. व्याजाचे १ लाख ६० हजार मिळविले तरी एकूण उत्पन्न ८ लाख २९ हजार होते. त्यावर टप्प्यांप्रमाणे निघणारा २२,९०० रुपयांचा कर सवलतीत पूर्णपणे विरतो.

हिशेब येथे संपत नाही. ज्येष्ठ नागरिकाला एका बँकेकडून वर्षाला मिळणारे व्याज १ लाखाच्या आत असेल तर त्यावर करकपात होत नाही. एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ५० हजारांची होती. या गृहस्थांचे व्याज मर्यादेच्या वर असल्याने आणि त्यांनी बँकेत १५-एच दिलेला नसल्याने बँकेने १० टक्के, म्हणजे १६ हजार रुपये कापून घेतले. दोन्ही दारांतील कपात मिळून ३५,५५२ रुपये झाली.

आता समजा, वर्ष संपल्यावर त्यांनी विवरणपत्रही सवयीने जुन्याच पद्धतीने भरले. व्याज मिळवून आणि व्याजाची ५० हजारांची ज्येष्ठांसाठीची वजावट घेऊन त्यांचे करपात्र उत्पन्न ६ लाख ५४ हजार होईल आणि कर निघेल ४२,४३२ रुपये. म्हणजे कापलेल्या रकमेखेरीज आणखी ६,८८० रुपये त्यांना भरावे लागतील. ते भरून ‘हिशेब चोख झाला’ असे समाधानही त्यांना वाटेल! वस्तुतः तेच विवरणपत्र नव्या पद्धतीने भरले असते तर देणे शून्य होते आणि कापलेले सगळे ३५,५५२ रुपये परत मिळाले असते. एकाच माणसाचे, एकाच उत्पन्नाचे हे दोन निकाल आहेत. फरक एका चौकटीतील खुणेचा.

या उदाहरणातून निघणारा निष्कर्ष जिल्ह्यातील बहुसंख्य निवृत्तांना लागू होतो. निवृत्तिवेतन, व्याज वगैरे सर्व नेहमीचे उत्पन्न मिळून, प्रमाणित वजावटीनंतर १२ लाखांच्या आत बसत असेल तर जुन्या पद्धतीचे घोषणापत्र देण्यात कोणताही लाभ नाही. केवळ निवृत्तिवेतनाचे उत्पन्न असेल तर ही मर्यादा १२ लाख ७५ हजारांपर्यंत जाते. म्हणजे महिन्याला एक लाखाहून थोडे अधिक निवृत्तिवेतन असणाऱ्यालाही कर लागत नाही. तलाठी, शिक्षक, परिचारिका, लिपिक, हवालदार या पदांवरून निवृत्त झालेले जवळजवळ सर्वच जण त्याच्या बरेच आत असतात. ढोकीच्या तेरणा कारखान्यासारख्या ठिकाणी राबलेल्या कामगारांना भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतून मिळणारे निवृत्तिवेतन तर इतके तुटपुंजे असते, की तेथे करपद्धतीची चर्चा ही थट्टाच ठरावी. त्यांच्या बाबतीत प्रश्न असलाच तर तो निवृत्तीच्या वेळी ठेवलेल्या ठेवीवरील व्याजाचा असतो.

जुनी पद्धत अजिबात निरुपयोगी झाली आहे असे मात्र नाही. उत्पन्न १२ लाखांच्या बऱ्याच वर असेल आणि गृहकर्जाचे व्याज, आरोग्य विमा, गंभीर आजारावरील उपचारांचा खर्च अशा मोठ्या वजावटी खरोखरच असतील, तर दोन्ही हिशेब मांडून पाहावेत. एक गोष्ट येथे ध्यानात ठेवावी लागते. जुन्या पद्धतीत साठीनंतर ३ लाख आणि ऐंशीनंतर ५ लाख अशी वयाप्रमाणे करमुक्त मर्यादा वाढते. नव्या पद्धतीत ती सर्वांना सारखीच, ४ लाख आहे. ऐंशी पार केलेल्या अनेकांना याच ५ लाखांच्या आठवणीने जुनी पद्धत आपलीशी वाटते. १२ लाखांच्या सवलतीपुढे ती आठवण आता कामाची राहिलेली नाही.

शेतीचे उत्पन्न हा या भागातील निवृत्तांचा आणखी एक पैलू. सोयाबीनचे उत्पन्न करमुक्त असते, हे खरे. पण करपात्र उत्पन्नावरील दर ठरविताना ते विचारात घेतले जाते. वरील गृहस्थांना शेतीतून वर्षाला ३ लाख रुपये निव्वळ मिळत असतील, तर त्यांचा कर २२,९०० ऐवजी ३७,९०० रुपये निघेल. तो ६० हजारांच्या सवलतीत बसत असल्याने देणे तरीही शून्यच राहते. परंतु शेतीचे उत्पन्न ५ हजारांपेक्षा अधिक असले की सर्वांत सोपा, म्हणजे पहिल्या क्रमांकाचा विवरणपत्राचा नमुना वापरता येत नाही. दुसरा नमुना घ्यावा लागतो. शिवाय भूखंड किंवा शेअर विकून झालेल्या नफ्यावर विशेष दराने लागणारा कर या सवलतीने माफ होत नाही. पुण्यातील मुलाच्या सल्ल्याने म्युच्युअल फंडात पैसे गुंतविलेल्या निवृत्तांनी एवढे लक्षात घ्यावे.

अठ्ठावन्न ते साठ : अडचणीची दोन वर्षे

राज्य शासनाचे बहुतांश कर्मचारी वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. प्राप्तिकर कायदा ज्येष्ठ नागरिक मानतो तो साठाव्या वर्षापासून. मधली दोन वर्षे त्यामुळे विचित्र अवस्थेत जातात. उपदान, रजेचे रोखीकरण आणि निवृत्तिवेतनाच्या अंशराशीकरणाची रक्कम याच काळात हाती येते, ती बँकेत ठेवली जाते आणि व्याज सुरू होते. शासकीय कर्मचाऱ्याला या तिन्ही रकमा मिळताना त्यांवर कर लागत नाही, त्यामुळे ‘या पैशांना कर नाही’ असा समज पक्का झालेला असतो. व्याजाला मात्र तो लागू नाही.

या वयात व्याजावरील करकपातीची मर्यादा १ लाखाची नसून ५० हजारांचीच असते. १५-एच देता येत नाही, त्याऐवजी १५-जी द्यावा लागतो आणि त्याची अट अधिक कडक आहे. अंतिम कर शून्य असणे तर हवेच, शिवाय अशा प्रकारचे सर्व ठिकाणचे मिळून व्याज मूळ करमुक्त मर्यादेच्या आत असावे लागते. १५-एचच्या बाबतीत ही दुसरी अट नाही. एवढेच नव्हे, तर सवलत धरून ज्या ज्येष्ठ नागरिकाचा कर शून्य होतो त्याचा १५-एच बँकेने स्वीकारावा, असे त्या नमुन्याच्या टिपेतच म्हटलेले आहे. ‘तुमचे उत्पन्न ४ लाखांहून अधिक आहे, म्हणून अर्ज घेता येणार नाही’ असे उत्तर काउंटरवर मिळाले, तर ज्येष्ठ नागरिकाने ही टीप दाखवावी. कळंबच्या गृहस्थांचे ८ लाख २९ हजारांचे उत्पन्न असूनही त्यांना १५-एच देण्याचा पूर्ण अधिकार होता.

हा अर्ज दरवर्षी नव्याने, शक्यतो एप्रिलमध्येच आणि प्रत्येक बँकेत स्वतंत्रपणे द्यावा लागतो. गेल्या वर्षीचा अर्ज यंदा चालत नाही. आणि पॅन निष्क्रिय असेल, म्हणजे आधारशी जोडलेला नसेल, तर अर्ज देऊनही उपयोग होत नाही. व्याजावर १० ऐवजी २० टक्के दराने कपात होते. ऐंशी वर्षे पूर्ण केलेल्यांना ही जोडणी सक्तीची नाही.

थकबाकीचा धक्का

नव्या पद्धतीतही कर लागतो, तो बहुतेक वेळा एखाद्याच वर्षी, थकबाकी एकरकमी हाती पडल्यामुळे. सातव्या वेतन आयोगाचा लाभ राज्यातील कर्मचारी व निवृत्तांना १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. प्रत्यक्ष वाढीव वेतन २०१९ पासून मिळू लागले आणि मधल्या काळाची थकबाकी पाच हप्त्यांत देण्याचे ठरले. तो अनुभव अनेकांच्या स्मरणात आहे. वेतननिश्चितीतील चूक दुरुस्त झाली किंवा एखादा न्यायालयीन निर्णय अनुकूल लागला, तर आजही असेच घडते.

दरमहा ९० हजार निवृत्तिवेतन असणाऱ्याला एरवी कर नसतो. वजावटीनंतर त्याचे उत्पन्न १० लाख ५ हजार होते. त्याला २०२५-२६ मध्ये आदल्या वर्षाची ३ लाखांची थकबाकी मिळाली, की उत्पन्न १३ लाख ५ हजारांवर जाते आणि कर निघतो ७८,७८० रुपये. थकबाकी वेळेवर मिळाली असती तर किती कर लागला असता, हे येथे पाहायचे असते. आदल्या वर्षी त्याचे करपात्र उत्पन्न ९ लाख ६० हजार होते असे धरले, तर त्या वर्षीच्या दरांनी या ३ लाखांवर ४७,८४० रुपये अधिक कर लागला असता. दोन्हींतील फरक ३०,९४० रुपयांचा. कलम ८९ खाली एवढा दिलासा मागता येतो आणि तो नव्या पद्धतीतही मिळतो. शासकीय निवृत्ताला त्याचा तपशील ‘१०-ई’ या नमुन्यात वेतन देणाऱ्या कार्यालयाकडे देऊन कपातच कमी करवून घेता येते. तसे न केल्यास प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावर विवरणपत्राआधी तो भरावा लागतो. दिलासा मागितला पण १०-ई भरला नाही, या एका कारणाने तो नाकारला जातो आणि काही महिन्यांनी मागणीची नोटीस येते.

कुटुंबनिवृत्तिवेतनाचे निराळेच गणित

पतीच्या पश्चात पत्नीला मिळणारे कुटुंबनिवृत्तिवेतन कायद्याच्या नजरेत वेतन नाही. ते ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ आहे. म्हणून त्यातून वेतनाच्या कलमाखाली करकपात करायची नसते. ती होत असल्यास घोषणापत्र देऊन प्रश्न सुटणार नाही. ही नोंदच चुकीच्या रकान्यात झाली आहे, असे कार्यालयाला लेखी कळवावे लागेल. चूक झाली आहे की नाही, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. ‘२६ एएस’ या करखात्याच्या उताऱ्यात प्रत्येक कपातीसमोर कलमाचा क्रमांक असतो. कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या रकमेसमोर १९२ दिसले, की गफलत झाली आहे असे समजावे. प्रमाणित वजावटही येथे ७५ हजारांची मिळत नाही. नव्या पद्धतीत एकतृतीयांश किंवा २५ हजार, यांतील कमी असेल ती रक्कम वजा होते.

या नियमाची दुसरी बाजू कमी बोलली जाते. पती-पत्नी दोघेही शासकीय सेवेत असलेली घरे शहरात कमी नाहीत. अशा घरातील एका निवृत्त प्राध्यापिकेला स्वतःचे वर्षाला ९ लाख ६० हजार निवृत्तिवेतन आणि पतीमागे ४ लाख २० हजार कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते असे समजू. पहिल्यावर कर शून्य, म्हणून कपात नाही. दुसऱ्यावर कपातीचा नियमच नाही. दोन्ही मिळून मात्र वजावटींनंतर १२ लाख ८० हजार होतात आणि ७४,८८० रुपये कर देणे लागते. कोणीच काही कापले नाही, म्हणजे काही देणे नाही, असा अर्थ त्यातून काढणे महागात पडते. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना आगाऊ कराचे हप्ते भरावे लागत नाहीत, एवढा दिलासा आहे. विवरणपत्र भरण्यापूर्वी ही रक्कम एकदम भरली तरी चालते.

कापलेले परत कसे मिळवायचे?

आर्थिक वर्ष चालू असेल तर दुरुस्ती वेतन देणाऱ्या कार्यालयातच शक्य असते. आधीच्या महिन्यांत जादा कापलेला कर पुढच्या महिन्यांच्या कपातीत समायोजित करण्याची मुभा कायद्याने त्या कार्यालयाला दिली आहे. दिलेला पर्याय मध्येच बदलून देण्यास मात्र कार्यालये सहसा तयार नसतात. मार्च संपला, पैसा शासनाकडे जमा झाला, की कार्यालयाच्या हातात काही उरत नाही. मग विवरणपत्र हा एकच मार्ग. वेतन देणाऱ्या कार्यालयाला कळविलेला पर्याय विवरणपत्र भरताना बंधनकारक नसतो, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नाही. डिसेंबरमध्ये जुनी पद्धत निवडणारे कळंबचे गृहस्थ जुलैमध्ये नव्या पद्धतीने विवरणपत्र भरू शकतात.

२०२५-२६ च्या विवरणपत्रासाठी कायद्याने ठरविलेली मुदत ३१ जुलै २०२६ ची आहे. त्यानंतर ३१ डिसेंबरपर्यंत ते भरता येते, पण ५ लाखांहून अधिक उत्पन्न असणाऱ्याला ५ हजार रुपये विलंब शुल्क पडते. परताव्यातून ते वळते होते, तेव्हा उशिराची किंमत कळते. भरण्याआधी ‘२६ एएस’ उताऱ्यात कोषागाराने आणि बँकेने कापलेल्या दोन्ही रकमा दिसतात का, हे ताडून पाहणे आवश्यक आहे. पासबुकात कपात दिसते, पण उताऱ्यात नाही, असे असेल तर कापणाऱ्या कार्यालयाने आपले तिमाही विवरण भरलेले नाही किंवा त्यात पॅन चुकला आहे. ते दुरुस्त झाल्याखेरीज परतावा मागून उपयोग नसतो. आणि कर शून्य असला तरी, सवलतीपूर्वीचे उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर विवरणपत्र भरणे बंधनकारकच आहे.

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांसाठी २०२१ पासून एक सोय आहे. ज्यांचे उत्पन्न केवळ निवृत्तिवेतन आणि त्याच बँकेतील ठेवींचे व्याज एवढेच आहे, त्यांनी त्या बँकेला घोषणापत्र दिले, तर बँकच सर्व हिशेब करून कर कापते आणि त्यांना विवरणपत्र भरावे लागत नाही. अट कठोर आहे. दुसऱ्या बँकेत किंवा पतसंस्थेत एखादी छोटी ठेव असली, घराचे भाडे येत असले, तरी ही सोय मिळत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा प्राप्तिकर कायदा, २०२५ ने घेतली आहे. कराचे टप्पे आणि १२ लाखांची सवलत कायम आहे, हिशेबाची रीतही तीच आहे. बदलले आहेत ते क्रमांक. वेतन आणि निवृत्तिवेतनावरील कपात आता कलम ३९२ खाली येते, तर व्याजावरील कपात कलम ३९३ खाली. १५-जी आणि १५-एच हे दोन्ही नमुने जाऊन त्यांच्या जागी १२१ क्रमांकाचा एकच नमुना आला आहे. कपाटात जपून ठेवलेल्या कोऱ्या १५-एचच्या झेरॉक्स प्रती २०२६-२७ च्या व्याजासाठी भरून देण्यात अर्थ नाही. बँकेकडून नवा नमुना मागून घ्यावा लागेल.